चौथ्या घाण्याला तेलाचा ताव का उतरतो? पंगतीच्या तळणाचा हिशेब

लग्नाच्या भटारखान्यात वर्षानुवर्षे एकच तक्रार ऐकू येते. पहिले दोन घाणे सुरेख निघतात, तिसऱ्याला रंग फिका पडतो आणि चौथ्या-पाचव्या घाण्याचे वडे तेल पिऊन मऊ पडतात, नाहीतर त्यांचे आवरण सुटून कढईभर चुरा होतो. पंगत उठते, दुसरी बसायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्यात मोठ्या आचेवर राहिलेले तेल इतके तापते की दुसऱ्या पंगतीचा पहिलाच घाणा बाहेरून करपतो आणि आतून गार राहतो. एकाच कढईत एकाच रात्री हे दोन उलटे दोष दिसले, की दोष तेलाला, बेसनाला किंवा बटाट्याला दिला जातो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा या तिघांचाही दोष नसतो. कढईतून जितकी उष्णता बाहेर जाते तितकी भट्टी त्याच वेळात परत देत नाही, एवढीच गोष्ट असते, आणि ती मोजता येते.

इंदूरमध्ये डिसेंबरातल्या एका लग्नात हा प्रकार मी अगदी जवळून पाहिला. स्वयंपाक लॉनच्या मागच्या बाजूला, उघड्यावर होता. वराकडची आणि वधूकडची मंडळी मराठी असल्यामुळे पंगती बसवायच्या होत्या, प्रत्येकी सुमारे १०० पानांच्या तीन. पानात इतर पदार्थांबरोबर बटाटेवडा होता आणि आग्रहाचा वाढा धरून एका पंगतीला २५० वडे लागणार होते. लोखंडाची एक मोठी कढई होती, तिच्यात १५ किलोचे दोन डबे, म्हणजे ३० किलो सोयाबीनचे रिफाइंड तेल होते आणि खाली गॅसची एक भट्टी होती. वडा कच्चा असताना साधारण ६० ग्रॅमचा होता. महाराज अनुभवी होते आणि एका घाण्याला ६० वडे सोडत होते. घाणा सोडून, तळून, झाऱ्याने काढून पुढचा सोडेपर्यंत पाच मिनिटे लागत होती.

चौथ्या घाण्याला वडे फिके निघाले तेव्हा महाराज म्हणाले, "भाऊ, तेल हलकं आलं आहे, नवा डबा फोडा." मीही तेव्हा घाईत त्यांचे ऐकले आणि तीन किलो गार तेल कढईत ओतले. पाचव्या घाण्यात निम्म्या वड्यांचे आवरण सुटले. ही चूक किती मोठी होती हे पुढे आकड्यांतून दिसेल.

तेलात पदार्थ पडल्यावर उष्णता दोन कामांना लागते. पहिले काम म्हणजे सारण आणि पीठ गरम करणे. दुसरे काम वड्याच्या बाहेरच्या थरातले पाणी वाफ करून उडवणे, आणि हेच काम फार महागाचे आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, तर एक किलो तेल एका अंशाने तापवायला तळणाच्या तापमानाला सव्वादोन किलोज्यूलच्या आसपासच लागतात. एक किलो कच्च्या वड्यांमागे पाऊणशे ग्रॅमच्या आतबाहेर पाणी उडते असे धरले आणि हिवाळ्यात गार पडलेले सारण तापवण्याचा खर्च त्यात मिळवला, तर किलोमागे ३४० किलोज्यूलच्या जवळपास हिशेब येतो. ३० किलो तेल आणि लोखंडी कढई मिळून एका अंशाला ७५ ते ८० किलोज्यूल धरून ठेवतात. त्यामुळे खालून आच मिळाली नाही, तर एक किलो वडे तेलाला चार ते पाच अंशांनी खाली आणतात. पुढे मी साडेचार धरतो. ६० वडे म्हणजे ३.६ किलो, आणि त्यांनी घेतलेला ताव सुमारे १६ अंशांचा.

जड कढई घेतली की ताव टिकतो, असा एक समज आहे आणि बर्तन बाजारातले दुकानदारही तो आनंदाने जोपासतात. जाड बुडामुळे आच सगळीकडे सारखी पसरते आणि खालचा चुरा लवकर जळत नाही, हे खरे. पण २० किलो लोखंड एका अंशाला ९ किलोज्यूलच धरते, आणि ३० किलो तेल ७० च्या घरात. कढई पाच किलोने जड केल्याने जे मिळते तेवढे एक किलो तेल वाढवल्यानेच मिळते. ताव साठवते ते मुख्यतः तेलच.

एवढ्यावरून केवळ खर्च कळतो. भट्टी तो किती वेगाने भरून देते हे प्रत्येक भट्टीचे, प्रत्येक रात्रीचे वेगळे असते आणि ते मोजण्याची एक सोपी रीत आहे. कढईत काहीही न सोडता, आच पूर्ण उघडी ठेवून, तेल १६० अंशांवरून वर चढू द्यावे, झाऱ्याने तळापासून ढवळत राहावे आणि तीन मिनिटांत किती अंश चढले ते पाहावे. त्याला तीनाने भागून मिनिटाला जो आकडा येतो, त्याला मी रिकामा चढ म्हणतो. तापमापक लांब दांड्याचा आणि ३०० अंशांपर्यंतचा असावा. त्याचे टोक तेलाच्या मध्यावर धरावे, बुडाला टेकवू नये. लांबून रोखायचा बंदुकीसारखा तापमापक फक्त वरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो, आणि घाणा सुरू असताना फेस व वाफ मध्ये आल्याने तोही आकडा फसवा येतो. ढवळणे विसरू नये, कारण गोल बुडाच्या कढईत ज्वाळेवरचे मधले तेल आणि काठाजवळचे तेल यांच्यात बरेच अंतर पडलेले असते.

दुपारी आम्ही तेल पहिल्यांदा तापवले तेव्हा ते २५ अंशांवरून १७५ वर यायला साधारण २५ मिनिटे लागली होती. म्हणजे मिनिटाला सरासरी सहा, आणि वरच्या टप्प्यात, जिथे कढईची स्वतःची उष्णता हवेत जास्त जाते, साडेपाचच्या आसपास. पाच मिनिटांच्या घाण्यात भट्टी २७ अंश परत देऊ शकते आणि ६० वडे १६ घेतात, हे गणित दुपारी अगदी निवांत होते. महाराजांनी ६० चा घाणा ठरवला तो याच भट्टीच्या नेहमीच्या अनुभवावर, आणि तो चुकीचा नव्हता.

पहिली पंगत उठल्यावर मी तेच पुन्हा मोजले. आच पूर्ण उघडी होती, तरी तीन मिनिटांत तेल १५२ वरून जेमतेम १५८ वर आले. चढ मिनिटाला दोन अंशांवर उतरला होता. आता हिशेब असा होतो की पाच मिनिटांत भट्टी दहा अंश देते आणि घाणा सोळा नेतो. प्रत्येक घाण्यामागे सहा अंश कमी. १७८ वर सुरुवात केली तर दुसरा घाणा १७२ वर पडतो, तिसरा १६६ वर आणि चौथा १६० वर. तळताना त्यातून आणखी उतार येतो तो वेगळा. दुसऱ्या घाण्यापर्यंत डोळ्याला काही दिसत नाही, तिसऱ्याला शंका येते आणि चौथ्याला वडा तेल पितो. तक्रार नेहमी चौथ्या घाण्याची का असते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. बिघाड पहिल्याच घाण्यापासून चालू असतो, तो दिसायला चौथा यावा लागतो.

आता त्या तीन किलो गार तेलाकडे पाहू. कढईत तेव्हा २७ किलोच्या आसपास तेल उरले असावे आणि ते १६० वर होते. त्यात उघड्यावर ठेवलेले, १८ अंशांचे तीन किलो तेल मिसळले की मिश्रण १४६ च्या आसपास येते. म्हणजे आधीच दमलेल्या कढईतून आम्ही आणखी १४ अंश काढून घेतले, आणि दोन अंशांच्या चढाने ते भरायला सात मिनिटे रिकामी घालवावी लागली असती. पंगत बसलेली असताना सात मिनिटे कोण देतो? तेलाची भर पंगत चालू असताना कधीही घालू नये. ती दोन पंगतींच्या मधल्या वेळात घालावी, किंवा भर लागणारच असेल तर शेजारच्या लहान शेगडीवर एका पातेल्यात तेल १५० पर्यंत तापवून मग ओतावे.

चढ साडेपाचवरून दोनवर का आला, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. भट्टीचा १९ किलोचा एकच सिलिंडर होता आणि त्याच्या खालच्या भागावर हाताच्या उंचीएवढा पांढरा बर्फाचा पापुद्रा धरलेला होता. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तो वायू होताना उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून येते. इंदूरच्या डिसेंबरात रात्री पारा १० च्या आसपास असतो, द्रव निम्म्याच्या खाली गेला की त्याला टेकलेला पत्राही कमी होतो, आणि मोठी भट्टी तर सतत ओढत असते. द्रव गार पडत जातो, दाब घटतो आणि चावी पूर्ण उघडी असूनही ज्वाळ बुटकी होते. पत्र्यावरची बर्फाची रेघ जवळजवळ आतल्या द्रवाच्या पातळीवर असते, त्यामुळे सिलिंडर संपत आला नसून गारठला आहे हेही तिथेच कळते. संपत आलेला समजून बदललेले असे सिलिंडर दुसऱ्या दिवशी निम्मे भरलेले निघतात.

अशा वेळी सिलिंडरवर उकळते पाणी ओतणारे, त्याच्याखाली निखारे सरकवणारेही मी पाहिले आहेत. हा प्रकार जिवावर बेतू शकतो आणि तो कोणत्याही कारणाने करू नये. खरा उपाय म्हणजे दोन किंवा तीन सिलिंडर एका जोडणीवर एकाच वेळी उघडे ठेवणे. प्रत्येकावरची ओढ निम्मी किंवा तिसरा हिस्सा होते आणि पत्रा दुप्पट-तिप्पट मिळतो. एक चालू आणि एक राखीव या पद्धतीने हा दोष जात नाही. राखीव सिलिंडरही थोड्या वेळाने तसाच गारठतो. गॅस भरणाऱ्या माणसाकडून जोडणी आणि नळ्या आधीच तपासून घ्याव्यात, पंगत बसल्यावर या कामाला हात लावू नये.

सिलिंडर ठीक असूनही चढ कमी भरला, तर मग भट्टीकडे वळावे. ज्वाळ पिवळी आणि कढईच्या बुडाला काजळी असेल, तर हवेची वाट किंवा जाळी तुंबली आहे. ज्वाळ निळी आहे पण वाऱ्याने एका बाजूला झुकते आहे, तर वाऱ्याच्या बाजूला भट्टीपासून वीतभर अंतर सोडून पत्रा उभा करावा. उघड्या लॉनवर हे साधे काम राहून जाते.

आमच्याकडे त्या रात्री दुसरा सिलिंडर होता, पण जोडणी नव्हती. ती आणायला माणूस पाठवला, आणि ती येईपर्यंत दुसरी पंगत निभवायची होती. चढ दोनचा असेल तर पाच मिनिटांत दहा अंश परत मिळतात. दहा अंशांत बसणारा घाणा म्हणजे सव्वादोन किलोच्या आतला, म्हणजे ३६ वड्यांचा. महाराजांना हे पटेना. त्यांचे म्हणणे होते, "साठ सोडून पुरत नाहीत, छत्तीस सोडून कसे पुरणार?" त्यांचा प्रश्न रास्तच होता, कारण २५० वड्यांना ३६ प्रमाणे सात घाणे आणि ३५ मिनिटे लागतात, आणि साठाचे घाणे २१ ते २५ मिनिटांत आटोपतात. पण साठाच्या घाण्यांतले शेवटचे सत्तर वडे पानात वाढण्याजोगे निघत नव्हते. आम्ही पाने मांडायला सुरुवात होतानाच पहिला घाणा सोडला. सातही घाणे एका रंगाचे निघाले, आणि सातव्याच्या आधी मी मोजले तेव्हा तेल १७५ वर होते.

घाणा लहान करण्याबरोबरच तो सोडण्याची रीतही बदलली. पदार्थ पडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात पिठातले वरचे पाणी सर्वांत वेगाने उडते आणि ताव त्याच वेळी सर्वांत जोरात कोसळतो. सगळे वडे एकदम सोडले तर हा कोसळण्याचा क्षण सगळ्यांचा एकच येतो. निम्मे वडे कढईच्या एका बाजूने सोडावेत, अर्ध्या-पाऊण मिनिटाने उरलेले दुसऱ्या बाजूने सोडावेत आणि त्याच क्रमाने काढावेत. एकूण उष्णता तितकीच लागते, पण खड्डा उथळ पडतो आणि पिठाचे आवरण धरायला जो ताव लागतो तो टिकतो. कानाने ओळखायचे तर बरोबर तावावर बुडबुडे बारीक, दाट आणि चुरचुर आवाजाचे असतात. ताव उतरला की ते मोठे आणि आळशी होतात आणि आवाज खोल जातो. आवाज बदललेला ऐकू आला की त्या घाण्याचे काही करता येत नाही, पण पुढचा घाणा एक मिनिट थांबवता येतो. थांबण्याचे हे एक मिनिट आचारी देत नाहीत, कारण वाढपी डोक्यावर उभे असतात.

दोन पंगतींच्या मधला उलटा दोषही त्याच आकड्याने सुटतो. साडेपाचच्या चढाने, कढई रिकामी आणि आच पूर्ण असेल, तर १७८ अंशांचे तेल दहा-अकरा मिनिटांत २३० च्या आसपास, म्हणजे रिफाइंड सोयाबीन तेल धूर सोडू लागते तिथे पोहोचते. मधला वेळ मात्र अर्ध्या तासाहून जास्त असतो. धूर आलेल्या तेलात सोडलेला वडा मिनिटभरात तांबडा होतो, आणि ते तेल उरलेल्या रात्री लवकर काळवंडते, फेसाळते. म्हणून शेवटचा घाणा काढताच चुरा बारीक झाऱ्याने गाळून घ्यावा आणि आच इतकी कमी करावी की तेल १५० ते १५५ च्या दरम्यान राहील. पुन्हा १७८ वर यायला लागणारा वेळ चढावरून काढावा. निरोगी भट्टीला साडेचार-पाच मिनिटे लागतात, गारठलेल्या सिलिंडरला बारा ते चौदा. पंगत बसण्याच्या किती आधी आच मोठी करायची ते यावरून ठरते, अंदाजाने ठरवू नये. तेल धुरावर गेलेच तर गॅस बंद करून थांबावे. गार तेल ओतून ते चटकन उतरवण्याचा मोह होतो, पण भरलेली कढई उतू जाण्याची भीती असते. पेटलेच तर गॅस बंद करून पत्र्याने झाकावे, पाणी कधीही घालू नये.

तिसऱ्या पंगतीच्या आधी जोडणी आली, दोन्ही सिलिंडर एकत्र उघडले आणि चढ पाचवर आला. तेव्हा ६० चा घाणा पुन्हा सुरू केला, मात्र दोन हप्त्यांत सोडून.

हा हिशेब सगळ्या पदार्थांना सारखा लागत नाही. खस्ता कचोरी मंद तावावरच फुलते, तिला दहा-पंधरा अंशांच्या उताराचे फारसे वावडे नाही, म्हणूनच इथल्या हलवायांना मोठे घाणे परवडतात. पुरीचे उलट आहे. तिला १८५ ते १९० लागतात, ती एकेक करून सोडली जाते आणि ताव उतरल्याचे ती ताबडतोब सांगते, कारण ती फुगत नाही. तिच्यासाठी घाण्याचे वजन न पाहता मिनिटाला किती पुऱ्या हे पाहावे. माझ्या अंदाजाने २२-२५ ग्रॅमची पुरी १४ किलोज्यूलच्या आसपास घेते, तेव्हा याच कढईत साडेपाचच्या चढाला मिनिटाला ३० पुऱ्या निघतात, आणि दोनच्या चढाला ११-१२ च. लाटणाऱ्या बायका सहा असल्या तरी सिलिंडर गारठला असेल तर त्यांना थांबवावेच लागते.

कुरडया-पापड मात्र वाळलेले असतात, त्यांत उडवायला पाणी जवळजवळ नसते आणि ते तेलाचा ताव फारसा नेत नाहीत. त्यामुळे शेवटचा वडा निघाल्यावर, आच कमी करण्याआधी, तेल १९० च्या पुढे चढत असतानाच पुढच्या पंगतीचे पापड तळून घ्यावेत. ते तळून होईपर्यंत भट्टी बारीक करायची वेळ झालेली असते.